पत्त्यांची यादी आणि ग्राहकाची संमती

लहान दुकानदार महिन्या-दोन महिन्यांनी आपल्या ग्राहकांना ई-मेलने जे पत्र पाठवतो, त्यास वार्तापत्र असे म्हणतात. नवा माल कोणता आला, तो कोठून आला, सणासाठी दुकान किती वाजेपर्यंत उघडे राहील, अशा साध्या गोष्टी त्यात असतात. पत्र काय लिहावे याचा विचार बहुतेक दुकानदार करतात. परंतु ते ज्या यादीबरहुकूम पाठवले जाते, तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. यादी जितकी लांब तितका व्यापार मोठा, अशी एक समजूत असते. वस्तुतः यादीतील प्रत्येक ओळीत दोन गोष्टी असावयास हव्यात: ग्राहकाचा पत्ता, आणि त्या पत्त्यावर लिहिण्याची त्याने दिलेली परवानगी. पहिली गोष्ट आहे पण दुसरी नाही, अशा ओळी वर्षानुवर्षे साठत जातात. आणि अखेरीस ज्यांनी पत्र आवर्जून मागितले होते त्यांच्यापर्यंतही ते पोचेनासे होते. हे कसे घडते आणि त्यावर उपाय काय, याचा विचार येथे एका नमुन्याच्या आधारे केला आहे.

नकोशा पत्राचा परिणाम

टपालाने आलेले नकोसे पत्र माणूस फाडून टाकतो, आणि त्याची वार्ता पाठवणाऱ्याला कधी कळत नाही. ई-मेलचे तसे नाही. ग्राहकाने ‘स्पॅम’ असे लिहिलेले बटण दाबले की त्याची नोंद टपालसेवा चालवणाऱ्या कंपनीकडे होते. पुरेशा नोंदी झाल्या की त्या दुकानाची पत्रे ती कंपनी सर्वांच्याच बाबतीत स्पॅमच्या कप्प्यात टाकू लागते. म्हणजे काही थोड्यांच्या तक्रारीची किंमत इतर सर्व ग्राहक मोजतात.

या बाबतीत गूगल कंपनीने आपल्या जीमेल सेवेसाठी आकडे प्रसिद्ध केले आहेत. तक्रारींचे प्रमाण ०.१ टक्क्याच्या आत राखावे आणि ते ०.३ टक्क्यापर्यंत कधीही पोचू देऊ नये, असे ती सांगते. हे आकडे मोठ्या कंपन्यांना क्षुल्लक वाटतील. लहान दुकानास ते कसे लागू पडतात, हे हिशेब केल्यावर दिसते. जीमेलच्या एक हजार ग्राहकांना पत्र गेले आणि त्यांपैकी एकाने तक्रार केली, की ०.१ टक्के झाले. तिघांनी केली, की धोक्याची रेषा गाठली गेली. हजारांत तीन नाराज माणसे सापडणे मुळीच कठीण नाही. त्यातून, इतक्या थोड्या पत्रांच्या बाबतीत गूगलचे पोस्टमास्टर टूल्स हे साधन पुष्कळदा आकडे दाखवतच नाही. त्यामुळे हानी झाल्याचे दुकानदारास उशिरा कळते. तक्रार झाल्यावर मोजण्यापेक्षा ती उद्भवूच नये अशी व्यवस्था करणे, हाच त्याच्यापुढील मार्ग उरतो.

एक नमुना यादी

म्हैसूर येथील हातमाग कापडाचे एक लहान दुकान आपण कल्पू. प्रवासी येतात, एखादी साडी किंवा चादरींची जोडी घेतात आणि आपल्या गावी परत जातात. त्यांच्याशी पुढे संबंध राहतो तो वार्तापत्राच्या द्वाराच. अशा दुकानाच्या यादीत पाच-सहा वर्षांत ३,६४० ओळी जमल्या आहेत, असे समजू. त्या चार ठिकाणांहून आल्या. १,१५० जणांनी संकेतस्थळावर माल मागवताना वार्तापत्राच्या चौकटीत स्वतः खूण केली होती. १,६९० जणांनी गल्ल्यावर, बिल ई-मेलने मिळावे म्हणून पत्ता दिला होता. ६२० पत्ते एका प्रदर्शनातील बक्षीस-सोडतीच्या चिठ्ठ्यांवरून उतरवले गेले, आणि १८० जुन्या व्हिजिटिंग कार्डांवरून घेतले गेले.

यादीत ‘स्रोत’ असा रकाना असेल तर ही विभागणी करता येते. तो नसेल तर बिलांची वही, संकेतस्थळाची नोंद आणि जुन्या फायली यांच्याशी ताडून पाहून तो प्रथम भरावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे. पण पुढील प्रत्येक निर्णय याच रकान्यावर अवलंबून असल्याने ते टाळता येत नाही.

झाडलोट

साफसफाईचा पहिला भाग केवळ यांत्रिक आहे. सर्व पत्ते लहान लिपीत आणावेत, मागच्या-पुढच्या मोकळ्या जागा काढाव्यात आणि दुबार ओळी एकत्र कराव्यात. जीमेलच्या पत्त्यातील टिंबांना अर्थ नसतो. तेव्हा टिंबांचाच काय तो फरक असलेले दोन जीमेल पत्ते एकाच माणसाचे समजावेत. इतर सेवांना मात्र हा नियम लावू नये. दुबार ओळी एकत्र करताना एक दक्षता घ्यावी लागते. एका ओळीत ‘हवे’ अशी जुनी नोंद आणि दुसरीत ‘नको’ अशी नंतरची नोंद असेल, तर नकार हाच ग्राह्य धरावा. कित्येक संगणकीय तक्ते वरची ओळ ठेवून खालची आपोआप गाळतात, आणि नकार देणारा ग्राहक अशा रीतीने नकळत पुन्हा यादीत येतो.

आपल्या नमुन्यात ३१० दुबार ओळी निघाल्या; उरल्या ३,३३०. त्यांत ९६ पत्ते चुकीचे लिहिलेले होते. `gmial.com` किंवा `.con` असा शेवट असलेले पत्ते हस्ताक्षरावरून उतरवताना हमखास तयार होतात. मूळ बिलाशी ताडून त्यांपैकी ४१ दुरुस्त करता आले. ज्यांची खात्री पटली नाही असे ५५ काढून टाकले. कारण अंदाजाने दुरुस्त केलेला पत्ता भलत्याच माणसाचा निघू शकतो. पुरवठादारांचे आणि `info@`, `sales@` यांसारखे कचेरीचे ४० पत्ते वगळले. शेवटी दुकानाची जुनी पत्रपेटी चाळली, तेव्हा ‘कृपया पत्रे पाठवू नयेत’ असे उत्तरादाखल लिहिणारे २२ जण सापडले. त्यांचेही नाव निघाले. आता ३,२१३ पत्ते राहिले.

परत आलेल्या पत्रांचा अर्थ लावणे हा याच कामाचा दुसरा भाग. पत्र पोचले नाही की एक सांकेतिक आकडा परत येतो. त्यांपैकी तीन ओळखता आले तरी पुष्कळ झाले:

```
550 5.1.1   असा पत्ताच नाही
452 4.2.2   पेटी भरलेली आहे
550 5.7.1   धोरणानुसार पत्र नाकारले
```

पहिला आकडा आला की तो पत्ता तत्काळ व कायमचा काढावा. दुसरा आला तर थांबावे. लागोपाठ तीन अंकांच्या वेळी तेच घडले, तर पेटी बेवारस झाली असे समजून पत्ता काढावा. तिसऱ्याच्या बाबतीत मात्र घाई घातक ठरते. तेथे दोष सहसा पत्त्याचा नसून पाठवणाऱ्याचा असतो. ग्राहकाच्या टपालसेवेने या दुकानाचे पत्र स्वीकारण्याचे नाकारलेले असते. असे पत्ते काढून टाकले तर चांगले ग्राहक जातात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

पत्ते तपासून देणाऱ्या सेवाही बाजारात आहेत. पेटी अस्तित्वात आहे की नाही, एवढेच त्या सांगू शकतात. काही सर्व्हर तर कोणत्याही नावाचे पत्र स्वीकारतात, तेथे तेही कळत नाही. त्या पेटीच्या मालकाला पत्र हवे आहे काय, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही यंत्राजवळ नसते. शिवाय ग्राहकांचे पत्ते तिऱ्हाइताच्या हाती जातात, ते निराळेच.

कोणाची परवानगी आहे?

झाडलोट होऊन राहिलेल्या ३,२१३ पत्त्यांत संकेतस्थळाचे १,०८०, बिलाचे १,४५५, सोडतीचे ५३० आणि कार्डांचे १४८ होते. येथून पुढे प्रश्न यंत्राचा राहत नाही.

सोडतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला पत्ता बक्षीस लागल्यास कळावे म्हणून दिलेला असतो. ते काम संपले की तो पत्ता वापरण्याचे कारणही संपते. कार्ड देणाऱ्याने ओळख म्हणून कार्ड दिले होते. हे ६७८ पत्ते वार्तापत्राच्या यादीतून काढणेच योग्य. दुकानदाराचा हात येथे अडखळतो, आणि ते स्वाभाविक आहे. या सर्वांना एकदा पत्र पाठवून ‘आपणास वार्तापत्र हवे काय?’ असे विचारले तर काय बिघडले, असे त्याला वाटते.

याचे उत्तर ब्रिटनमधील दोन प्रकरणांत मिळते. २०१६ साली फ्लायबी या विमान कंपनीने सुमारे तेहतीस लाख ई-मेल पाठवून ग्राहकांना आपली माहिती व आवडनिवड तपासून घेण्यास सांगितले. ज्यांनी प्रचाराची पत्रे नकोत असे पूर्वीच कळवले होते, त्यांनाही ही पत्रे गेली. होंडा कंपनीच्या युरोपीय शाखेने, ज्यांच्या संमतीची नोंद नव्हती अशा लोकांना, यापुढे आमच्याकडून पत्रे हवीत काय, असे विचारणारी सुमारे दोन लाख नव्वद हजार पत्रे पाठवली. मार्च २०१७ मध्ये तेथील माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने फ्लायबीस ७०,००० पौंड आणि होंडास १३,००० पौंड दंड केला. परवानगी विचारणारे पत्र हेही प्रचाराचेच पत्र होय, हे त्यामागचे तत्त्व. दोन्ही कंपन्यांना आपल्या याद्या साफ करावयाच्या होत्या, हे येथे विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे.

तो कायदा ब्रिटनचा असला तरी त्यातील विवेक सर्वत्र लागू पडतो. भारतातही डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि संमतीविषयक मुख्य तरतुदी अमलात येण्यास अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. संमती स्वेच्छेने, विशिष्ट हेतूसाठी, माहिती मिळाल्यानंतर आणि स्पष्ट कृतीने दिलेली असावी. ती देणे जितके सोपे, मागे घेणेही तितकेच सोपे असावे, असे हा अधिनियम सांगतो. ‘विशिष्ट हेतू’ हे शब्द आपल्या नमुन्यातील बिलाच्या पत्त्यांना नेमके लागू पडतात. बिलासाठी दिलेला पत्ता हा बिलासाठीच असतो.

तरीही बिलाचे १,४५५ ग्राहक आणि सोडतीतील अनोळखी माणसे यांत फरक आहे. त्यांनी दुकानात येऊन खरेदी केली आहे. बिलाचे ई-मेलही त्यांना मिळालेले आहेत. यांच्या बाबतीत सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे पुढच्या बिलाच्या वेळी तोंडी विचारणे. ज्यांनी गेल्या वर्षभरात खरेदी केली आणि ज्यांनी कधीही नकार दिलेला नाही, एवढ्यांनाच फार तर एकदा, थोडक्यात विचारावे. नमुन्यात असे ७२० जण होते. एकाच दिवशी सर्वांना न पाठवता रोज शंभर-शंभर पत्रे पाठवली, म्हणजे काही बिघडत असल्यास पहिल्याच दिवशी थांबता येते. ७२० पैकी २१४ जणांनी ‘हवे’ असे कळवले. उरलेल्यांनी काहीच कळवले नाही, आणि मौन ही संमती मानली गेली नाही. त्यांचे पत्ते बिलांच्या दप्तरात राहिले, वार्तापत्राच्या यादीत आले नाहीत.

संकेतस्थळाच्या १,०८० जणांची परवानगी होती, परंतु परवानगीही शिळी होते. त्यांपैकी ६४० जणांनी गेल्या वर्षभरात खरेदी केली होती किंवा पत्रातील एखाद्या दुव्यावर टिचकी मारली होती. २६० जण त्यापूर्वीच्या वर्षात दिसले होते, आणि १८० दोन वर्षांहून अधिक काळ गप्प होते. पत्र ‘उघडले गेले’ या नोंदीवर येथे विसंबू नये. ॲपल कंपनीच्या मेल ॲपने सप्टेंबर २०२१ पासून पत्रातील चित्रे आपणच आधी उतरवून घेण्याची सोय केली. त्यामुळे न वाचलेले पत्रही वाचलेले दिसू शकते. खरेदी, टिचकी आणि उत्तर ही तीनच चिन्हे विश्वासार्ह आहेत. दीर्घकाळ गप्प असलेल्या पत्त्यांचा आणखी एक धोका असा, की बंद पडलेल्या पेट्या काही टपालसेवा पुढे सापळे म्हणून वापरतात. तेथे पत्र आले की यादीची निगा राखली जात नाही, हे त्यांना कळते. म्हणून त्या १८० जणांना ‘पत्र चालू ठेवावयाचे असल्यास कळवावे, अन्यथा हे शेवटचे’ असे एकच पत्र गेले. १९ जणांनी कळवले. बाकीच्यांची नावे निघाली.

बेरीज केली असता ६४०, २६०, २१४ आणि १९ मिळून १,१३३ होतात. ३,६४० ओळींची यादी एक-तृतीयांशाहून लहान झाली. परंतु या १,१३३ पैकी प्रत्येकाने पत्र कधी व कोठे मागितले, ते आता सांगता येते.

संमतीची ओळ

यादी पुन्हा तशीच बिघडू नये म्हणून पत्ता घेतानाच योग्य शब्द वापरावे लागतात. सर्रास आढळणारी ओळ अशी असते: ‘पुढे जाऊन आपण आमच्या सर्व अटींस व वेळोवेळी पाठवल्या जाणाऱ्या संदेशांस मान्यता देत आहात.’ यात काय येणार, किती वेळा येणार आणि नको म्हणण्याची वाट कोणती, यांपैकी काहीच नाही. शिवाय मान्यता न देता पुढे जाताच येत नाही. तेव्हा ही संमती नव्हे, सक्ती झाली. तिच्या जागी पुढील ओळ ठेवून पाहावी:

‘नव्या मालाची माहिती देणारे पत्र महिन्यातून एकदा मला ई-मेलने पाठवावे. माझा पत्ता अन्य कोणास दिला जाणार नाही. प्रत्येक पत्राखाली ते बंद करण्याची सोय असेल.’

तिच्यापुढील चौकट रिकामी असावी. खूण ग्राहकाने स्वतः करावी. चौकट रिकामी ठेवली तरी खरेदी पूर्ण झाली पाहिजे. ‘महिन्यातून एकदा’ हे शब्द दुकानदारालाही बांधून घेतात. दिवाळीच्या हंगामात आठवड्यास दोन पत्रे पाठवण्याचा मोह झाला, तर ते पत्र मागणाऱ्या माणसालाही नकोसे होईल, याची ती आठवण असते.

गल्ल्यावर हेच काम तोंडी होते. विक्रेत्याने दोन प्रश्न वेगळे ठेवावेत: ‘बिल ई-मेलने पाठवू का?’ आणि त्याचे उत्तर मिळाल्यावर, ‘आमचे महिन्याचे पत्रही पाठवले तर चालेल का?’ दुसऱ्या प्रश्नाला ‘नको’ म्हणणाऱ्याला बिल तरीही मिळावे. ओळ ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत असावी. म्हैसूरच्या दुकानात ती कन्नड व इंग्रजी या दोन्ही भाषांत लागेल. प्रत्येक संमतीबरोबर तारीख, ठिकाण आणि त्या वेळी कोणती ओळ वापरात होती, एवढी नोंद करावी. वर्षभराने एखाद्याने ‘माझा पत्ता तुम्हाला कोठून मिळाला?’ असे विचारले, तर याच नोंदीतून उत्तर देता येते.

पत्र बंद करण्याची ओळ

पत्र बंद करण्याची ओळ पुष्कळ दुकानदार अगदी बारीक, फिकट अक्षरांत छापतात. ती दिसली नाही तर ग्राहक जाणार नाही, असा त्यांचा तर्क असतो. ग्राहक मात्र जातोच. ही ओळ सापडली नाही की तो स्पॅमचे बटण दाबून जातो, कारण ते नेहमी डोळ्यांसमोर असते. शांतपणे निरोप घेणारा ग्राहक दुकानाचे नुकसान करत नाही. तक्रार करून जाणारा करतो. म्हणून ही ओळ ठळक असावी आणि तिच्यात पत्र का आले, याचे कारणही असावे:

‘आपण १२ मार्च २०२५ रोजी आमच्या दुकानात हे पत्र मागितले होते. यापुढे नको असल्यास येथे दाबावे: पत्र बंद करा.’

दाबल्यावर उघडणाऱ्या पानावर एकच बटण असावे. परवलीचा शब्द, कारण विचारणारी प्रश्नावली, किंवा ‘आपण खरोखरच आम्हाला सोडून जाणार?’ असा भावनेला हात घालणारा प्रश्न तेथे नसावा. काम झाल्यावर एवढेच सांगावे: ‘आपले नाव काढले आहे. आपण खरेदी केल्यास त्याचे बिल मात्र येत राहील.’ हे दुसरे वाक्य आवश्यक आहे. ते नसेल तर पुढे आलेले बिल पाहून, सांगूनही पत्रे थांबली नाहीत, असा ग्राहकाचा समज होतो. ‘केवळ सणाच्या वेळी पत्र पाठवा’ असा पर्याय द्यावयाचा असल्यास तो मुख्य बटणाच्या खाली द्यावा, वाटेत आडवा ठेवू नये.

याखेरीज पत्राच्या अदृश्य शीर्षभागात दोन ओळी घालता येतात. त्या असल्या की टपालसेवा आपल्याच पडद्यावर, पाठवणाऱ्याच्या नावाजवळ, पत्र बंद करण्याचे बटण दाखवू शकते:

```
List-Unsubscribe: <https://example.com/u/7f3a>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

जीमेलकडे दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना गूगलने २०२४ साली ही सोय बंधनकारक केली आणि विनंती दोन दिवसांत अमलात आणावी असे सांगितले. लहान दुकानावर ही सक्ती नाही. पण बहुतेक वार्तापत्र-सेवा या ओळी आपोआप घालतात, तेव्हा त्या आहेत ना, एवढे पाहून घ्यावे. दुसऱ्या ओळीचे प्रयोजनही समजून घेण्याजोगे आहे. काही कचेऱ्यांतील सुरक्षा-यंत्रणा आलेल्या पत्रातील सर्व दुवे आपणच उघडून तपासतात. केवळ दुवा उघडल्याने नाव निघत असेल, तर ग्राहकाने काही न करताच त्याचे पत्र बंद पडते. दुसऱ्या ओळीमुळे खरी विनंती आणि नुसती तपासणी यांत भेद करता येतो. पत्रातील दृश्य दुव्यामागे एक बटण ठेवण्याचे कारणही हेच.

नाव निघालेल्या ग्राहकाची ओळ यादीतून सरसकट पुसून टाकू नये. तसे केले तर पुढच्या वेळी जुनी फाइल यादीत ओतताच तो पत्ता पुन्हा येतो. ‘पाठवू नये’ अशी एक वेगळी यादी असावी, तिच्यात केवळ पत्ता व तारीख असावी, आणि प्रत्येक अंकापूर्वी मुख्य यादी तिच्याशी ताडून पाहावी. तिचा अन्य कोणताही उपयोग करू नये.

यापुढील निगा थोडी असते. प्रत्येक अंकानंतर परत आलेली पत्रे पाहावीत, आणि दर सहा महिन्यांनी गप्प ग्राहक वेगळे काढावेत. दोन-तीन निरनिराळ्या टपालसेवांवर दुकानाची स्वतःची एकेक पेटी ठेवून पत्र कोणत्या कप्प्यात पडते तेही तपासावे. एका सेवेत ते स्पॅममध्ये आणि दुसरीत इनबॉक्समध्ये पडत असेल, तर पहिल्या सेवेच्या ग्राहकांत कोणते जुने पत्ते शिरले आहेत ते प्रथम शोधावे. नवे नाव घेताना मात्र विक्रेत्याने दुसरा प्रश्न विचारला होता काय, एवढे पाहणे पुरेसे आहे. तो विचारला गेला नसेल, तर ते नाव बिलाच्या दप्तरातच राहू द्यावे.